एकाच खोलीत एकच मोठा कंदील: या चुका टाळा

घणसोलीतलं आमचं घर म्हणजे दहा बाय चौदाची एकच खोली. पूर्वी दिवाळीला मी तोरणं, लटकनं, प्लास्टिकची फुलं असं सगळं लावायचे आणि खोली आणखीच आखूड वाटायची. मग ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून दोन फुटी कागदी आकाशकंदील आणला, घडीचा, म्हणून ट्रान्स हार्बरच्या गर्दीतही चेपला नाही. पण पहिल्या वर्षी तोही फसला.

मुख्य चूक जागेची होती. मोठी वस्तू म्हणून मी तो मधोमध, पंख्याच्या बाजूला लावला. नेहमीच्या ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट फिरतं. वाऱ्याने कंदील झुलायला लागला आणि दुसऱ्या दिवशी एक शेपटी पात्यात अडकून फाटली. आता तो खिडकीकडच्या कोपऱ्यात असतो. कोपऱ्यात दोन भिंतींवर उजेड आणि नक्षीची सावली पडते, म्हणून तोच कंदील दुप्पट मोठा वाटतो. तरीही झुलत असेल तर खालच्या कडेला तंगूस बांधून खिडकीच्या कडीला अडकवा. दिसतही नाही.

छताला चिकटपट्टी किंवा चिकटहुक लावू नका. डिस्टेंपरची पापडी सुटते आणि कंदील रात्री कधीतरी खाली येतो. भाड्याच्या घरात ड्रिल करता येत नाही, पण पडद्याच्या दांडीचं ब्रॅकेट आधीच स्क्रूने घट्ट बसवलेलं असतं. तिथे नाडीने बांधा. वजन वायरवर येऊ देऊ नका. पडदा मात्र तेवढे दिवस दुसऱ्या टोकाला सारून ठेवा.

कंदील पेटवूनही खोली रोजच्यासारखीच दिसते, ही तक्रार मैत्रिणींकडून नेहमी ऐकते. बहुतेक वेळा ट्यूबलाइट चालूच असते. ती बंद करा, स्वयंपाकाच्या ओट्यावरचा दिवा पुरे. बल्ब पाच ते सात वॅटचा एलईडी घ्या, खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेला. पांढऱ्याशुभ्र उजेडात केशरी कागदही फिका पडतो. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब कधीच नको, तो कागद करपवतो. कागदावर एकाच जागी बल्बच्या आकाराचा पांढरा डाग दिसला, तर होल्डर एका बाजूला कलला आहे. वायर आखडून बल्ब बरोबर मध्यावर आणा, डाग जातो आणि वरचा भागही उजळतो.

शेवटची चूक मोह पडून होते. खालचा कोपरा रिकामा दिसतो म्हणून आपण तिथे पणत्यांचं ताट ठेवतो. आमच्या दांडीची उंची सात फूट. अर्धा फूट नाडी, दोन फूट कंदील, दीड फूट शेपट्या धरल्या तर शेपट्यांचं टोक जमिनीपासून तीन फुटांवर येतं. स्टुलावर ताट ठेवलं की ज्योत कागदापासून जेमतेम दीड फुटावर, आणि वर पंख्याचा वारा. आमच्या पणत्या दाराबाहेर, उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना असतात. कोपऱ्यातलं स्टूलही मी धनत्रयोदशीलाच पलंगाखाली सरकवते.