चेबिशेव्ह वापरताना उत्तर अर्धं करू नका

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला स्टॅटिस्टिक्स घेतलेल्यांसाठी लिहितोय. मीन, व्हेरियन्स काढता येतो आणि चेबिशेव्हची इनइक्वॅलिटी पाठ आहे, असं धरून चालतो. सूत्र सोपंच आहे. मार्क जातात ते प्रश्न एका बाजूचा असला की. माझेही तिथेच गेले, म्हणून तेवढंच नीट सांगतो.

आपल्या मार्केट यार्डातलंच उदाहरण घेऊ. समजा गुळाच्या रव्याचं सरासरी वजन 30 किलो आणि व्हेरियन्स 0.25, म्हणजे एसडी अर्धा किलो. वजनांचं डिस्ट्रिब्युशन कसलं आहे, ते दिलेलं नाही. वजन सरासरीपासून किलोभर किंवा त्याहून जास्त ढळण्याची संभाव्यता जास्तीत जास्त किती?

P(|X − 30| ≥ 1) ≤ 0.25 / 1² = 1/4

हे का खरं, ते एकदा समजून घ्या, मग पाठांतर लागत नाही. व्हेरियन्स म्हणजे सरासरीपासूनच्या अंतराच्या वर्गाची सरासरी. किलोभर ढळलेला प्रत्येक रवा त्यात निदान 1 ची भर घालतो. असे रवे एक चतुर्थांशाहून जास्त असते, तर बाकीचे सगळे बरोब्बर 30 किलोचे असूनही व्हेरियन्स 0.25 च्या वर गेला असता. इथे बेल कर्व्ह कुठेच आला नाही. म्हणून प्रश्नात नॉर्मल लिहिलेलं नसेल तर झेडचं टेबल उघडूच नका.

आता सापळा. प्रश्न बदलतो: "रवा 31 किलो किंवा त्याहून जास्त भरण्याची संभाव्यता जास्तीत जास्त किती?" बाजू एकच. हात आपोआप 1/4 चे दोन भाग करतो आणि उत्तर लिहितो 1/8. क्लासच्या तयार नोट्समध्येही मी हे छापलेलं पाहिलंय, 'वन-साइडेड असेल तर हाफ' असं चौकटीत घालून. असल्या चौकटींवर माझा मुळीच विश्वास नाही. ज्या नोट्समध्ये सूत्राखाली अट लिहिलेली नाही, त्या बाजूला ठेवा.

चूक कशी ते पाहा. अडत दुकानात पाच रवे आहेत. एक 31 किलोचा, उरलेले चार प्रत्येकी 29.75 किलोचे. एकूण 150 किलो, म्हणजे सरासरी 30. अंतरांचे वर्ग: एकाचा 1, चौघांचे प्रत्येकी 0.0625. बेरीज 1.25, भागिले 5, व्हेरियन्स 0.25. दिलेल्या दोन्ही अटी तंतोतंत जुळल्या. आता डोळे झाकून एक रवा उचला. तो 31 चा असण्याची संभाव्यता 1/5 आहे, आणि 1/5 हे 1/8 पेक्षा मोठं आहे. म्हणजे 'जास्तीत जास्त 1/8' हे विधान साफ खोटं ठरलं. कागदावर हे पाच आकडे स्वतः मांडून बघा. नुसतं वाचून ते मनात बसत नाही.

अर्धं करताना आपण न सांगता असं धरतो की ढळणं दोन्ही बाजूंना सारखंच आहे. डिस्ट्रिब्युशन सरासरीभोवती सिमेट्रिक आहे असं दिलं असेल, तर 1/8 बिनधास्त लिहा. नसेल तर 1/4 लिहिलंत तरी ते खरंच आहे, कारण एक बाजू दोन्ही बाजूंच्या बेरजेपेक्षा मोठी असू शकत नाही. घाबरू नका, ते चुकीचं उत्तर नाही, फक्त थोडं सैल आहे.

घट्ट उत्तर हवं असेल तर कँटेलीची इनइक्वॅलिटी आहे:

P(X − μ ≥ t) ≤ σ² / (σ² + t²)

इथे 0.25 / 1.25 = 1/5. वरच्या पाच रव्यांनी नेमकं हेच गाठलं, त्यामुळे एवढ्याच माहितीवर याहून लहान मर्यादा कुणालाच देता येणार नाही. सिद्धताही लहान आहे. वर्ग करण्याआधी दोन्हीकडे एक धन संख्या u मिळवायची. मग X − μ + u चा वर्ग (t + u)² किंवा त्याहून मोठा असण्याची संभाव्यता (σ² + u²)/(t + u)² च्या वर जात नाही. u आपल्या हातात आहे, म्हणून ही किंमत सर्वांत लहान करणारा u = σ²/t घ्यायचा. आपल्याकडे u = 0.25, म्हणजे 0.3125 / 1.5625, परत 1/5. हे सर फळ्यावर करत असतील तर त्या तासाला बसा. सीनियरच्या वहीत u अचानक उगवतो, तो कुठून आला ते कळत नाही.

फरक सगळ्यात जास्त दिसतो तो t एसडीएवढाच असताना. 30.5 किलो किंवा त्याहून जास्त, असं विचारलं तर चेबिशेव्ह देतो 1, म्हणजे काहीच सांगत नाही. कँटेली देतो 1/2.