अंगठा मोठा, स्क्रीन छोटी: गेमची बटणं लावताना या चुका टाळा

बीजीएमआयसारख्या गोळीबाराच्या मोबाइल गेममधे हात मोठा असला की सगळे आधी एकच करतात, बटणं मोठी करतात. फायर मोठं, जंप मोठं, स्कोप मोठं, आणि मग म्हणतात समोरचं काय दिसत नाही बे. अरे दिसणार कसं, अडचण बटणाची नाहीच. कोपऱ्यातून बटणापर्यंत जो अख्खा अंगठा स्क्रीनवर आडवा पडतो, तो सगळं झाकतो. बटण मधल्या नेमाकडे जितकं आत, तितका अंगठा जास्त पडणार, मग तुम्ही ट्रान्सपरन्सी कितीही वाढवा, बटण आरपार दिसेल, अंगठा नाही.

उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या एका दोस्ताचं उदाहरण घ्या. फोन ६.७ इंची, म्हणजे आडवा धरला की साधारण साडेपंधरा सेंटीमीटर लांब आणि सात सेंटीमीटर उंच, नेम बरोब्बर मधे. बीजीएमआयमधे त्यानं फायर उजव्या कडेपासून पाचेक सेंटीमीटर आत आणलेलं, का तर लांब अंगठा तिथं आरामात पोचतो म्हणून. आता अंगठ्याचं टोक आणि नेम यात राहिली दोन-अडीच सेंटीमीटरची पट्टी, आणि उजवीकडून पळत येणारा माणूस नेमका अंगठ्याखालून यायचा. दर वेळी उजवीकडूनच मरायचा, आणि शिव्या नेटवर्कला.

दुसरी चूक जास्त लोकांना माहीतच नसते. आपल्याला वाटतं आपण टोकानं दाबतोय, खरं टचस्क्रीन जेवढा भाग टेकलाय त्याच्या मधला बिंदू धरतं. जाड अंगठा सपाट टेकवला की तो बिंदू टोकाच्या बराच मागं, म्हणजे तळव्याकडं येतो. म्हणून दाबायचं असतं जंप आणि बसतंय क्राउच. हे बघायचं असेल तर फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समधे शो टॅप्स चालू करा आणि ट्रेनिंगमधे थोडा वेळ स्क्रीन रेकॉर्ड करा. प्रत्येक टचचा ठिपका व्हिडिओत दिसतो. ठिपके सारखे बटणाच्या खाली-बाहेर पडत असतील तर अंगठ्याला दोष न देता बटणच तिकडं सरकवा. बाहेर सरकवलं की झाकणारा भागही आपोआप कमी होतो.

दोस्ताच्या फोनवर असंच केलं. कंट्रोल्समधे कस्टमाइझ उघडायचं, मूळ लेआउट तसाच ठेवून दुसऱ्या लेआउटवर काम करायचं, म्हणजे बिघडलं तरी परत जाता येतं. मग मॅचमधे धरतो तसा फोन धरायचा, डोळे मिटून अंगठा टेकवायचा, जिथं पडेल तिथं फायर. त्याचं कडेपासून तीन सेंटीमीटरवर आलं. साइज उलट थोडी कमी केली. गूगलच्या अँड्रॉइड गाइडलाइनमधे टचची जागा निदान ९ मिलिमीटर सांगितली आहे, पट्टी लावून तेवढं बघितलं, त्याखाली गेलो नाही, आणि जंप-क्राउच एकमेकांपासून लांब केले. मोठ्या अंगठ्याला मोठ्या बटणापेक्षा दोन बटणांमधली मोकळी जागा जास्त कामाची, हे माझं पक्कं मत.

तरी स्कोपचं राहिलंच. ते उजवीकडं वर असलं की अंगठा अर्धा स्क्रीन ओलांडून जातो. त्यामुळं स्कोप खाली फायरच्या बाजूला आणलं आणि डावीकडचं फायर वरच्या डाव्या कोपऱ्यात, डाव्या हाताच्या पहिल्या बोटासाठी. आता गोळी डाव्या बोटानं, उजवा अंगठा फक्त नेम फिरवायला, तोही रिकाम्या जागेत कडेजवळ. सुरुवातीला हात जाम होतो, मॅच हरायला होतात, हे धरूनच चला.

यात एक भानगड होते. काही फोनमधे तीन बोटं खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो, तो ऐन फाइटमधे निघतो. गेम सुरू करण्याआधी ते जेश्चर बंद करा.

यूट्यूबवरच्या प्लेअरचा लेआउट कोड जसाच्या तसा टाकू नका. त्याचा हात वेगळा, फोन वेगळा, कदाचित टॅबवर खेळत असेल. गाडी चालवायची बटणं वेगळीच असतात, तीही बघून घ्या, नाहीतर पायी सगळं मस्त आणि गाडीत बसलं की अंगठा परत रस्त्यावर.

जायरोस्कोप असेल तर स्कोप ऑनवर ठेवा, स्कोपमधे फोन हलवूनच नेम लागतो आणि अंगठा उचलता येतो. स्वस्तातल्या काही फोनमधे तो सेन्सरच नसतो, तेव्हा सेटिंग चालू करूनही काही हलत नाही, उगाच फोन नाचवत बसू नका. आणि कडेला अगदी चिकटवून बटण लावायचं असेल तर जाड कव्हर आधी काढून बघा, कव्हरची कड उंच असली की जाड अंगठा तिथंच अडतो आणि टच लागतच नाही.