चेंडू थांबतो, g थांबत नाही: वर फेकलेल्या चेंडूच्या प्रश्नातल्या या चुका टाळा

चेंडू सरळ वर फेकला. सर्वोच्च बिंदूवर त्याचा वेग किती आणि त्वरण किती? पर्यायांत ‘दोन्ही शून्य’ पहिलं असेल, तर पुढचे तीन पर्याय वाचायचे कष्ट अकरावीतली निम्मी पोरं घेत नाहीत. नीटमध्ये इथे चार गुण तर जातातच, वर एक कापला जातो. सीईटीत उणे गुण नाहीत, म्हणून तिथे तर बिनधास्त ठोकतात.

उत्तर पाठ करून घेतलं तरी हीच चूक पुढच्या चाचणीत नव्या वेषात परत येते. तिचं मूळ माझ्या मते एका शॉर्टकटमध्ये आहे: ‘वर जाताना g वजा, खाली येताना g अधिक.’ हा नियम कोण शिकवतं कुणास ठाऊक, पण दरवर्षी नव्या पोरांच्या वहीत चौकटीत लिहिलेला सापडतो. आता विचार करा. वर जाताना वजा आणि खाली येताना अधिक असेल, तर मध्ये कुठेतरी शून्य यायलाच हवं, आणि ते माथ्यावर येणार असं पोरांना वाटणारच.

खरं तर पृथ्वी चेंडूला पूर्ण वेळ खालीच ओढते. वरची दिशा धन मानली, की हातातून सुटल्यापासून जमिनीला लागेपर्यंत त्वरण −10 च (g = 10 धरून). चेंडू २० मीटर प्रति सेकंदाने फेकला तर `v = 20 − 10t`. १.९ सेकंदाला वेग +१, २ सेकंदाला शून्य, २.१ सेकंदाला −१. म्हणजे त्या ०.२ सेकंदात वेग २ ने घटला. २ ला ०.२ ने भागा, दहाच येतात. त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर, आणि शून्यावरून जाताना तो दर जराही ढळलेला नाही. माथ्यावर त्वरणही शून्य झालं असतं, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

याच शॉर्टकटने आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलाचा घात केला. प्रश्न साधा होता: २५ मीटर उंच इमारतीवरून चेंडू २० मीटर प्रति सेकंदाने सरळ वर फेकला, जमिनीवर किती सेकंदांनी पडेल? त्याने लिहिलं `25 = 20t − 5t²`. वर जातोय म्हणून g वजा, आणि उंची मात्र अधिक. सोडवलं तर वर्गमुळाखाली −४ आले. इथे कुणीही थांबेल. हा थांबला नाही; वजा चिन्ह खाऊन टाकलं, वर्गमूळ २ काढलं, `t = (4 + 2)/2 = 3`. पर्यायांत ३ सेकंद होतं. केलं गोल.

“सर, उत्तर ऑप्शनमध्ये होतं!”

असणारच. माथ्यापासून जमिनीपर्यंत पडायला लागणारा वेळ ३ सेकंदच आहे, पेपर काढणाऱ्याने मुद्दाम पेरलेला. जमीन फेकण्याच्या जागेच्या खाली आहे, म्हणून विस्थापन −25. `−25 = 20t − 5t²` मांडलं की `t² − 4t − 5 = 0`, आणि वेळ ५ सेकंद. दोन तुकडे करून सोडवलं, २ सेकंद वर आणि ३ खाली, तरी तेच येतं, पण घाई करणारे हमखास एक तुकडा विसरतात. मी स्वतः कच्च्या पानावर आधी वरच्या दिशेचा बाण काढून त्यावर अधिक लिहितो, आणि गणित संपेपर्यंत त्याला हात लावत नाही.

‘क्षणभर स्थिर, म्हणजे बल शून्य’ असं लिहू नका. समतोलाला निव्वळ बल शून्य लागतं. इथे चेंडूचं पूर्ण वजन त्याच्यावर आहे.

वेग-काल आलेख V आकाराचा दिसला, तर तो चालीचा आहे. वेगाची एकच सरळ उतरती रेषा असते, अक्ष छेदून खाली जाणारी.

‘सरळ वर’ आणि ‘कोनात’ हे शब्द वाचा. कोनात फेकलेल्या चेंडूचा वेग माथ्यावर शून्य नसतो, `u cos θ` उरतो, आणि त्वरण त्याला काटकोनात असतं.

आणि ‘हवेचा रोध विचारात घ्या’ असं दिसलं की घाबरून ‘दोन्ही शून्य’कडे पळू नका. वर जाताना रोध खाली असतो, म्हणून त्वरण g पेक्षा जास्त. खाली येताना रोध वर, म्हणून g पेक्षा कमी. माथ्यावर वेग शून्य, म्हणून रोधही शून्य. सरळ वर फेकलेल्या चेंडूचं त्वरण नेमकं g असतं ते पूर्ण प्रवासात तेवढ्याच एका बिंदूवर.