तीव्र व्हिनेगर लोणच्यासाठी पातळ कसं करावं

जर्मनीतल्या सुपरमार्केटमध्ये व्हिनेगरच्या शेजारी ‘एसिश-एसेन्त्स’ नावाची बाटली मिळते. ती स्वस्त असते, पण तिच्यात आम्ल २५ टक्के असतं. लोणच्याच्या पाककृतीतलं ‘व्हिनेगर’ सहसा ५ टक्क्यांचं असतं, म्हणून ही बाटली थेट बरणीत रिकामी करायची नाही.

आधी लेबल नीट वाचा. टक्केवारी छापलेली हवी आणि बाटली खाण्यासाठीची हवी. सफाईचं व्हिनेगर किंवा केमिकलच्या दुकानातलं ॲसिड कितीही पातळ केलं तरी लोणच्यात नको.

हिशेब सोपा आहे. हवी असलेली टक्केवारी भागिले बाटलीवरची टक्केवारी, गुणिले एकूण हवं तेवढं मिश्रण. समजा, मिरच्यांच्या बरणीला ७५० मिली व्हिनेगर ५ टक्क्यांचं हवंय. ५ भागिले २५, गुणिले ७५०, म्हणजे १५० मिली एसेन्स. उरलेलं ६०० मिली पाणी.

इथेच बहुतेक जण फसतात. २५ हे ५ च्या पाचपट, म्हणून एका कपाला पाच कप पाणी घालतात. मग एकूण सहा कप होतात आणि आम्ल जेमतेम ४.२ टक्के उरतं. पाणी चारच कप घालायचं, म्हणजे एकूण पाच होतात.

मापाच्या भांड्यात आधी पाणी घ्या आणि त्यात एसेन्स हळूहळू ओता. उलट केलं तर तीव्र एसेन्स अंगावर उडू शकतं. खिडकी उघडी ठेवा, वास नाकात झोंबतो. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ नको.

मिश्रण बरोबर झालं का, हे चाखून कळत नाही, कारण साखर-मीठ आंबटपणा झाकतं. पीएचची पट्टीही इथे फारशी उपयोगाची नाही. ५ टक्के आणि अडीच टक्के द्रावणांच्या पीएचमध्ये जेमतेम ०.१५ चा फरक पडतो, तो पट्टीच्या रंगात दिसत नाही. त्यामुळे भरवसा मापावरच ठेवायचा. शंका आली तर ते मिश्रण सॅलडला वापरा आणि लोणच्यासाठी नव्याने मोजून करा.

पाककृतीत ‘एक कप व्हिनेगर, एक कप पाणी’ असेल, तर आधी ५ टक्क्यांचं व्हिनेगर तयार करा आणि मग त्यातलं एक कप घेऊन वरचं पाणी घाला. एसेन्समध्ये घातलेलं पाणी या एका कपात धरायचं नाही. पाककृतीत दिलंय त्याहून जास्त पाणी मात्र घालू नका; मिरच्या-काकड्यांचं पाणी सुटून द्रावण आणखी पातळ होतंच. आंबट फार लागत असेल तर चिमूटभर साखर वाढवा.

भारतात मिळणाऱ्या काही बाटल्या ४ टक्क्यांच्या आसपासच असतात. पाककृतीला ५ टक्के हवं असेल, तर ती बाटली चालणार नाही, पाणी न घालतासुद्धा.