जादा कंट्रोलर घेण्याआधी

चौघांनी एकत्र खेळायचं म्हणून लगेच चार कंट्रोलर घेऊ नका. आधी तो गेम एका स्क्रीनवर किती जणांना घेतो ते बघा. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑनलाइन चौघांना खेळता येतो, पण एका टीव्हीवर दोघांनाच. उरलेले दोघे नुसते बघत बसतात. ‘ओव्हरकुक्ड! २’ मात्र चौघांनाही सोफ्यावर बसून खेळता येतो.

स्टीमवर गेमच्या पानावर Shared/Split Screen Co-op असं लिहिलेलं शोधा. नुसतं Online Co-op असेल तर साधारणपणे प्रत्येकाला वेगळं मशीन लागतं.

पीएस५वाल्यांनी एक लक्षात ठेवावं: घरातला पीएस४चा जुना कंट्रोलर जोडला जातो, पण त्यावर पीएस४चेच गेम खेळता येतात. पीएस५च्या गेमसाठी दुसऱ्या गड्यालाही ड्युअलसेन्ससारखा पीएस५चाच कंट्रोलर लागतो.