संध्याकाळचा हँडओव्हर: पुण्याचं काम अमेरिकेकडे सोपवताना तिकिटावर काय लिहावं

पुण्यातली टीम संध्याकाळी आवराआवर करते तेव्हा न्यू जर्सीतली टीम कामाला बसत असते. दोन्हीकडची माणसं जागी असतात तो तास-दीड तास बहुतेकदा मीटिंगमध्येच जातो. त्यामुळे काम खरोखर हस्तांतरित होतं ते जिरा तिकिटावरच्या शेवटच्या कॉमेंटमधून. त्या कॉमेंटमध्ये नुसतं ‘बघितलं, अजून फेल होतंय, प्लीज चेक करा’ असं असेल, तर समोरचा आधी विचारणार की नेमकं काय बघितलं. तो प्रश्न तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी वाचणार, तुमचं उत्तर त्याला त्याच्या सकाळी मिळणार, आणि एका साध्या प्रश्नापायी पूर्ण दिवस जाणार. म्हणून लिहिताना एकच कसोटी ठेवा: समोरच्याला तुम्हाला काहीही न विचारता काम पुढे नेता आलं पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. व्हेंडरच्या इन्व्हॉइसेस रोज रात्री डेटाबेसमध्ये लोड करणारा एक बॅच जॉब आहे. तो ईस्टर्न वेळेनुसार पहाटे 2 वाजता चालतो. 14 ऑक्टोबरला तो `ORA-00001` ही एरर देऊन पडला, म्हणजे एकच की असलेली ओळ दुसऱ्यांदा टाकायचा प्रयत्न झाला. तिकीट आहे `PAY-412`. पेमेंट रन त्याच दिवशी ईस्टर्न संध्याकाळी 5 वाजता आहे, म्हणजे आपल्याकडे रात्री अडीच वाजता. तेव्हा पुण्यात कोणी जागं नसणार. निर्णय आणि जॉब पुन्हा चालवणं, दोन्ही तिकडेच होणार.

आधी जे नक्की माहीत आहे ते लिहा

पहिल्या दोन-तीन ओळींत फक्त सध्याची स्थिती यावी. दिवसभरात काय काय केलं त्याची गोष्ट इथे नको. ती वाचण्यात समोरच्याची सकाळ जाते. आपल्या उदाहरणात असं लिहिता येईल: फाइलमध्ये 4,812 ओळी आहेत, त्या सगळ्या स्टेजिंग टेबलमध्ये आल्या. मुख्य टेबलमध्ये आजची एकही ओळ नाही, कारण पूर्ण ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं. 37 इन्व्हॉइसेस फाइलमध्ये दोनदा आहेत.

यातलं मधलं वाक्य फार कामाचं आहे. अर्धवट लोड झालेल्या टेबलवर जॉब पुन्हा चालवायचा का, ही तिकडच्या डीबीएची पहिली भीती असते, आणि ती या एका वाक्याने जाते. आकडा कुठून आला तेही सोबत द्या, म्हणजे त्याला स्वतः पडताळता येईल:

```
SELECT vendor_id, invoice_no, COUNT(*)
FROM   stg_invoice
GROUP  BY vendor_id, invoice_no
HAVING COUNT(*) > 1;
```

क्वेरीचा निकाल मात्र तसाच पेस्ट करू नका. व्हेंडरचे बँक तपशील किंवा ग्राहकांची नावं तिकिटात गेली की ती प्रोजेक्टमधल्या सगळ्यांना दिसतात आणि मेल नोटिफिकेशनमधूनही फिरतात.

यानंतर एक ओळ ‘हे कारण नाही’ यासाठी ठेवा. ही ओळ बहुतेक जण गाळतात आणि तिकडचा माणूस तीच वाट पुन्हा तुडवतो. इथे लिहायचं की जॉब दोनदा ट्रिगर झालेला नाही, शेड्युलरमध्ये एकच रन दिसतो. अंदाज असेल तर तो अंदाज म्हणूनच लिहा. ‘व्हेंडरने दुरुस्त केलेल्या ओळी जुन्यांसोबतच पाठवल्या असाव्यात, खात्री केलेली नाही’ असं लिहिलं की कोणी ते गृहीत धरून पुढे जात नाही.

प्रश्न बारीक करूनच पाठवा

‘डुप्लिकेटचं काय करायचं?’ असं विचारलं तर तिकडचा कोऑर्डिनेटर अकाउंट्सकडे जाईल, अकाउंट्सवाले ‘कुठल्या डुप्लिकेटचं?’ असं विचारतील आणि दुपार उलटेल. संध्याकाळी अर्धा तास जास्त देऊन प्रश्नाची गाळणी तुम्हीच करा. तपासलं तर 37 पैकी 31 जोड्या तंतोतंत सारख्या निघतात. त्यांतली एक ओळ ठेवायला हरकत नाही. उरलेल्या 6 जोड्यांमध्ये रक्कम वेगळी आहे. मग प्रश्न एवढाच उरतो: या 6 इन्व्हॉइसेससाठी आधीची रक्कम धरायची की नंतरची? त्यांचे नंबर द्या, आणि ज्याने उत्तर द्यायचं त्याला `@` लावून मेन्शन करा. नुसतं ‘टीम’ लिहिलं की कोणीच उत्तर देत नाही.

पुढचं वाक्य माझ्या मते सगळ्यात मोलाचं: उत्तर आलंच नाही तर काय करायचं. ‘ईस्टर्न दुपारी 12 पर्यंत अकाउंट्सकडून उत्तर नसेल, तर त्या 6 बाजूला ठेवून बाकीच्या लोड कराव्यात, तुमची मंजुरी इथेच कॉमेंटमध्ये द्या.’ यामुळे बाकीची पेमेंट्स अडकत नाहीत आणि कोणाच्या संमतीने काय झालं त्याची नोंदही राहते. मंजुरीचा हक्क कोणाचा आहे हे मात्र आधी ठरलेलं हवं. पैशाच्या बाबतीत पुण्याने परस्पर निर्णय घेऊ नये.

काम उघड्यावर ठेवून जा

दुरुस्ती तुमच्या लॅपटॉपवर राहिली तर कॉमेंट कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. अपुरी असली तरी ब्रँच पुश करा:

```
git push origin PAY-412-dedupe
```

कॉमेंटमध्ये ब्रँचचं नाव द्या, यूएटीवर काय चालवून पाहिलं आणि काय राहिलं ते लिहा, आणि बरोबर झालं हे कशावरून ओळखायचं तेही सांगा. 4,812 मधून 37 जादा ओळी गेल्या की 4,775 उरतात. 6 बाजूला ठेवल्या तर मुख्य टेबलमध्ये 4,769 दिसायला हव्यात. आकडा जुळला नाही तर पेमेंट रन थांबवा, हेही स्पष्ट लिहा. मगच असाइनी बदला. असाइनी तुमच्याच नावावर राहिला तर तिकीट त्यांच्या यादीत दिसतच नाही.

कॉमेंट टाकल्यावर काही नवीन कळलं तर जुनी एडिट करू नका, नवी टाका. मेलवर वाचणाऱ्याकडे जुनाच मजकूर असतो. ओव्हरलॅपमध्ये कॉलवर काही ठरलं तर तेही दोन ओळींत तिकिटावर यायला हवं. आणि एकच प्रश्न दोनदा इकडून तिकडे जाऊन आला की तिसरी कॉमेंट लिहू नका, कॉल लावा. डिझाइनबद्दलचे मतभेद कॉमेंटमध्ये मिटत नाहीत.

तारखा, वेळा आणि सोमवार

‘उद्या’, ‘आज रात्री’, ‘ईओडी’ हे शब्द टाळा. 04/10 अमेरिकेत 10 एप्रिल होतो, म्हणून महिना अक्षरात लिहा. वेळेपुढे झोन द्या. सर्व्हरचे लॉग यूटीसीमध्ये असतील तर तीही वेळ द्या: आपला जॉब पडला 06:00 यूटीसीला, म्हणजे पुण्यात सकाळी 11:30 वाजता. हे गणित वर्षभर सारखं राहत नाही. उन्हाळी वेळेत ईस्टर्न आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेदहा तास. मग तोच जॉब पुण्यात दुपारी 12:30 ला चालतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी गणित परत फिरतं. त्या आठवड्यांत ओव्हरलॅपची मीटिंगही एक तास सरकते.

सोमवारची अडचण वेगळीच. पुण्याचा सोमवार सुरू होतो तेव्हा तिकडे रविवार रात्र असते, त्यामुळे दिवसभर विचारायला कोणी नसतं. म्हणून ऑनशोअरने शुक्रवारी लिहिलेल्या कॉमेंटमध्ये पुण्याच्या पूर्ण दिवसाचं काम असायला हवं: पहिलं काम अडलं तर दुसरं कुठलं घ्यायचं, कुठल्या ॲक्सेसची गरज पडेल आणि तो दिलेला आहे का. पुण्याने ही कॉमेंट शनिवारी सकाळी पाच मिनिटं नजरेखालून घातली तर बरं, कारण न्यू जर्सीत तेव्हा शुक्रवार रात्र असते आणि एखादा ॲक्सेस राहिला असेल तर तो मागायला अजून माणूस सापडतो.