नोकरी बदलणाऱ्यांसाठी पायथनचा कोर्स आखताय? या चुका टाळा

नवशिक्या प्रौढांच्या पायथन कोर्सचे आराखडे लोक मला दाखवायला आणतात, तेव्हा मी आधी उजवीकडचा शेवटचा रकाना वाचतो. चेकपॉइंटचा. तिथे बहुतेक वेळा ‘क्विझ’ किंवा ‘प्रोजेक्ट जमा करणे’ एवढंच लिहिलेलं असतं. तेवढ्यावरून पुढची गाडी कुठे अडकणार ते कळतं, कारण मीही तिथेच अडकलो होतो.

चूक पहिली : प्रोजेक्ट चालला म्हणजे आठवडा पार पडला असं धरणे

माझ्या पहिल्या आराखड्यात पाचव्या आठवड्यात फंक्शन होतं आणि आठव्यात फाइल. पाचव्या आठवड्याचा प्रोजेक्ट साधा होता : खर्चाच्या आकड्यांची यादी द्यायची, फंक्शनने बेरीज करायची. सगळ्यांनी वेळेत जमा केला. मी प्रत्येकाचा प्रोग्रॅम चालवला, बेरीज बरोबर आली, खूण केली, पुढे गेलो. बॅच हुशार आहे म्हणून मनातल्या मनात खूशही झालो.

आठव्या आठवड्यात तीच बेरीज फाइलमध्ये लिहायची होती. पहिली फाइल उघडली, तर आत एकच शब्द : `None`. दुसरी उघडली, तिथेही तेच. अर्ध्याहून जास्त वर्गाच्या अहवालात बेरजेच्या जागी `None` बसलं होतं आणि पडद्यावर मात्र आकडा बरोबर दिसत होता. लोक फाइलवर संशय घेत होते. कोणी फोल्डर बदललं, कोणी `open` पुन्हा पुन्हा लिहून पाहिलं. एका बाईंनी तर संपूर्ण पायथन काढून नव्याने इन्स्टॉल केलं. चूक मात्र तीन आठवडे मागे होती :

```python
def total(items):
    s = 0
    for x in items:
        s = s + x
    print(s)

t = total([120, 80, 45])
```

हे फंक्शन 245 पडद्यावर दाखवतं, पण बोलावणाऱ्याच्या हातात काहीच देत नाही. `return` नसलेलं फंक्शन `None` परत करतं, म्हणून `t` मध्ये 245 नाही, `None` आहे. पुढे कोणी `str(t)` करून फाइलमध्ये लिहिलं की ‘None’ ही चार अक्षरं निमूटपणे लिहिली जातात. एरर येत नाही, आणि म्हणूनच ही चूक इतके आठवडे लपून राहते.

शिकणाऱ्यांचा यात दोष नव्हता. प्रोजेक्टने त्यांच्याकडून फक्त पडद्यावरचा आकडा मागितला होता आणि तो त्यांनी दिला. `print` आणि `return` मधला फरक ज्या कामात जाणवेल असं काम मी त्यांना दिलंच नव्हतं.

तेव्हापासून माझी सवय अशी : फंक्शनच्या आठवड्याचा चेकपॉइंट एका ओळीचा असतो. ‘आलेल्या बेरजेतून दहा टक्के वजा करून दाखवा, पण फंक्शनच्या आत हात लावायचा नाही.’ ज्याने `print` वर भागवलंय त्याला `t * 0.9` लिहिताक्षणी हे दिसतं :

```
TypeError: unsupported operand type(s) for *: 'NoneType' and 'float'
```

आता हा एरर त्याच आठवड्यात, मी समोर असताना आणि दहा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये येतो. आठव्या आठवड्यात तो साठ ओळींत शोधावा लागत नाही.

मग सगळाच आराखडा मी उलट्या दिशेने लिहू लागलो. आधी त्या आठवड्याची ठरावीक चूक कोणती ते लिहायचं, मग ती उघडी पाडणारा बदल, आणि शेवटी तो बदल ज्यात करता येईल असा छोटा प्रोजेक्ट. पहिल्या आठवड्यात `input()` असतं. ते नेहमी मजकूरच परत देतं, त्यामुळे दोन आकडे विचारून बेरीज मागितली की 120 आणि 80 चे 12080 होतात. चेकपॉइंट तिथेच. तिसऱ्या आठवड्यात लूप आहे, तिथे `s = 0` चुकून लूपच्या आत जातं आणि बेरजेऐवजी शेवटचा आकडा येतो. यादीत एकच आकडा टाकून तपासणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, म्हणून चेकपॉइंटची यादी मी देतो, तीन आकड्यांची.

चूक दुसरी : जुनी फाइल उघडी ठेवून चेकपॉइंट घेणे

प्रौढ शिकणारा मेहनती असतो आणि तीच पंचाईत होते. व्हिडिओ थांबवत थांबवत तो अख्खा प्रोजेक्ट टंकतो, चालवतो आणि प्रामाणिकपणे समजतो की आपल्याला आलं. त्यालाच कोरी फाइल द्या, पहिली ओळ काय लिहायची तेच सुचत नाही.

म्हणून माझ्याकडे चेकपॉइंट म्हणजे कोरी फाइल आणि अर्धा तास. गेल्या आठवड्याच्या प्रोजेक्टचं छोटं रूप आठवून लिहायचं, मग वर सांगितलेला एक बदल करायचा. अडल्यास पायथनची अधिकृत माहिती बघायला परवानगी, स्वतःची जुनी फाइल बघायला नाही. नाही जमलं तर गुण कापत नाही. दोन दिवसांनी तोच चेकपॉइंट पुन्हा. पहिल्यांदा जमत नाही तेव्हा चेहरे पडतात, हे खरं आहे. मी तरी ते सोसतो, कारण नंतर मुलाखतीत कोरी फाइल समोर आल्यावर पडलेले चेहरे मी पाहिले आहेत.

चूक तिसरी : आराखड्यात रिकामा आठवडा नसणे

नोकरी सांभाळून शिकणारा माणूस एखादा आठवडा बुडवणारच. घरी आजारपण येतं, ऑफिसात महिनाअखेर येते. दर आठवड्याचा प्रोजेक्ट मागच्यावर उभा असेल आणि मध्ये श्वास घ्यायला जागा नसेल, तर एक आठवडा चुकलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात गायब होतो. दहा आठवड्यांच्या कोर्समध्ये मी पाचवा आणि नववा रिकामा ठेवतो. नवीन काही नाही, फक्त राहिलेले चेकपॉइंट. त्यामुळे फंक्शन सहाव्यात जातं, फाइल सातव्यात, `csv` आठव्यात आणि दहाव्यात प्रत्येकाचा स्वतःचा प्रोजेक्ट. घाई असणारे विचारतात, ‘रिकाम्या आठवड्यात `pandas` सुरू करू का?’ करू नका. ज्याला लूपमधली बेरीज जमत नाही त्याला `pandas` ची एक ओळ उत्तर देते, आणि ते उत्तर चुकलं तर कुठे चुकलं ते शोधायचं साधन त्याच्या हाती नसतं.

बाकीच्या, भराभर

पहिल्या आठवड्यात इन्स्टॉलेशनला अख्खा एक तास द्या. विंडोजवर `python` चालत नसेल तर `py` टाकून बघायला सांगा.

`csv` च्या आठवड्यात कोणीतरी आपल्या फाइलचं नाव `csv.py` ठेवणारच. मग `import csv` खऱ्या मॉड्यूलऐवजी तीच फाइल उचलतं आणि `AttributeError` येतो. नाव बदला, झालं.

एका आठवड्यात एकच नवीन गोष्ट. `if` आणि लूप एकत्र शिकवलेत, तर चूक कुठली ते शिकणाऱ्यालाही कळत नाही आणि तुम्हालाही.

दहाव्या आठवड्याच्या स्वतःच्या प्रोजेक्टचा विषय त्याच्या जुन्या कामातला असू द्या. हिशेब बघणाऱ्याने बिलांची यादी घ्यावी, गोदाम सांभाळणाऱ्याने मालाची. आकडा चुकला तर तो त्याला बघताक्षणी खटकतो, मला सांगावं लागत नाही.